पाणी कुठल्या महिन्यातलं?

भूकंपप्रवण भागात, त्यातही नदीकाठी किंवा खाडीलगत मोठी इमारत उभी करायची असेल तर माती परीक्षणाच्या अहवालात हल्ली एक जोडपान असतं. मथळा असतो ‘द्रवीकरण शक्यतेचा सारांश’. बाकी अहवाल जाडजूड असतो, हे पान मात्र एकच. वर जागेचा भूकंप झोन, मध्ये एक तक्ता आणि तळाशी एक वाक्य: आराखड्यात धरलेल्या भूकंपात अमुक खोलीपर्यंतचे थर द्रवरूप होण्याची शक्यता आहे, किंवा नाही. बिल्डर, आर्किटेक्ट, सोसायटीची कमिटी, सगळे ते एक वाक्य वाचून पान उलटतात. त्या वाक्याचा होकार किंवा नकार ज्या आकड्यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतो, तो मात्र तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात निमूट पडलेला असतो. तो आकडा म्हणजे भूजलपातळी.

द्रवीकरण म्हणजे काय हे समुद्रकिनाऱ्यावर कळतं. ओल्या वाळूवर उभं राहून एकाच जागी भराभर पाय आपटले की आधी घट्ट असलेली वाळू लुसलुशीत होते, वर पाणी चमकू लागतं आणि पाय रुततो. वाळूची ताकद कणाकणांच्या घर्षणात असते. सैल वाळू हादरली की तिचे कण एकमेकांत बसू पाहतात. मधल्या पोकळ्यांत पाणी भरलेलं असेल तर त्याला काही सेकंदांत निघून जायला वाट मिळत नाही, त्याचा दाब वाढतो आणि तो कणांना एकमेकांपासून उचलून धरतो. घर्षण संपलं की वाळू काही काळ दाट द्रवासारखी वागते. म्हणजे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: सैल वाळू, पोकळ्यांत पाणी आणि पुरेसा जोरदार, पुरेसा लांबलेला हादरा. यातली एक जरी नसली तरी प्रश्न मिटतो.

१९६४ च्या जूनमध्ये जपानमधल्या नीगाता शहरात हे जगाला दिसलं. कावागिशी-चो भागातल्या चार मजली इमारती भिंतींना फारसा तडाही न जाता आडव्या कलल्या. इमारतीत दोष नव्हता, खालची जमीनच गेली होती. त्यानंतर १९७१ साली हॅरी सीड आणि आय. एम. इद्रिस यांनी कॅलिफोर्नियात एक सोपी पद्धत मांडली. पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या, पण गाभा तोच राहिला. आपल्या आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत परिशिष्ट म्हणून आहे ती हीच पद्धत, आणि सारांशाच्या पानावरचा तक्ता म्हणजे तिचीच आकडेमोड.

ही आकडेमोड एका जागेवर करून पाहू. दिल्लीत यमुनेच्या खादरात, म्हणजे पूरपट्ट्यात, किंवा त्याच्या कडेला असते तशी जागा धरू: वर भराव, खाली नदीने आणून टाकलेली बारीक वाळू. दिल्ली त्या आवृत्तीत झोन ४ मध्ये आहे. पुढचे बोअरहोलचे आकडे कुठल्याही एका खऱ्या प्लॉटचे नाहीत, ते नमुन्यादाखल घेतले आहेत. गणित मात्र मानकातल्या सूत्रांचंच आहे.

बोअर घेणारी टोळी साधारण १५० मिलिमीटर व्यासाचं छिद्र पाडत खाली जाते आणि दर दीड मीटरला थांबून एक चाचणी करते. दोन फाकांची पोलादी नळी सळ्यांच्या टोकाला लावून छिद्राच्या तळाशी टेकवतात आणि वरून साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडत राहतात. नळी ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे, पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून द्यायचे आणि उरलेल्या ३० सेंटिमीटरला लागलेल्या ठोक्यांचा आकडा नोंदवायचा. हीच ‘एन व्हॅल्यू’. साइटवर सगळे तिला नुसतं ‘एन’ म्हणतात. नळीत अडकून आलेली माती प्रयोगशाळेत जाते. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून तिचा किती भाग खाली पडतो ते पाहतात, कारण बारीक गाळाचं प्रमाण वाढलं की त्याच ‘एन’ला वाळू थोडी अधिक तग धरते.

आपल्या बोअरचं काम मे महिन्यात झालं. तीन मीटरवर ‘एन’ आला ८, सहा मीटरवर १३, नऊ मीटरवर १७ आणि बारा मीटरवर एकदम ३४. वाळूत बारीक गाळ सुमारे दहा टक्के. पाणी लागलं साडेपाच मीटरवर. मानकात एक ढोबळ कसोटीही आहे: झोन ३, ४ आणि ५ मध्ये पाच मीटरपर्यंत किमान १५ आणि दहा मीटरच्या खाली किमान २५ ‘एन’ असावा. वरचे थर या कसोटीला उतरत नाहीत, बारा मीटरवरचा थर उतरतो. एवढ्यावर संशय पक्का होतो, निकाल लागत नाही.

कच्चा ‘एन’ तसाच वापरता येत नाही. खोल गेलं की वरच्या मातीच्या दाबामुळे त्याच वाळूला जास्त ठोके लागतात, उथळ असताना कमी. शिवाय हातोड्याची सगळी ऊर्जा नळीपर्यंत पोचत नाही. दोर जुना, कप्पी घासलेली, सळ्यांची लांबी कमी, या सगळ्याचा हिशेब करावा लागतो. हातोड्याची साठ टक्के ऊर्जा पोचते असं धरून दुरुस्त्या केल्या आणि गाळाची भर घातली, तर सहा मीटरवरच्या १३ चा आकडा साधारण १३.२ होतो. इथे फरक नगण्य दिसतो तो योगायोग आहे. तीन मीटरवरचा ८ वाढून जवळपास १० होतो, नऊ मीटरवरचा १७ उतरून १५ होतो. दुरुस्त आकड्यावरून मानकातलं सूत्र वाळूची ताकद सांगतं. ७ तीव्रतेचा भूकंप धरला तर सहा मीटरवरच्या वाळूची ताकद येते ०.१७. एककाची काळजी नको, हे फक्त एक गुणोत्तर आहे. हादऱ्याचा घासणारा जोर वाळूवरच्या परिणामी दाबाच्या किती पट सोसेल, एवढंच ते सांगतं.

आता दुसरी बाजू, भूकंप किती मागणार. झोन ४ साठी जमिनीचा त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.२४ पट धरतात. त्याला ०.६५ ने गुणतात, कारण हादऱ्यातला प्रत्येक झटका सर्वोच्च नसतो. खोलीसाठी थोडी सूट देतात. मग एका गुणोत्तराने गुणतात आणि पाणी नेमकं इथे शिरतं. सहा मीटरवरच्या वाळूवर वरच्या मातीचं एकूण वजन असतं. त्यातला काही भाग पाणी आपल्या दाबाने तोलून धरतं आणि उरलेला भाग कणांवर येतो, तो परिणामी दाब. गुणोत्तर म्हणजे एकूण वजन भागिले परिणामी दाब. पाणी जितकं वर, तितका भाजक लहान आणि भूकंपाची मागणी मोठी.

मे महिन्यात पाणी साडेपाच मीटरवर होतं. तेव्हा सहा मीटरवर एकूण दाब चौरस मीटरला १०.९ टन आणि परिणामी दाब १०.४ टन. गुणोत्तर जेमतेम एकच्या वर. मागणी येते ०.१५६. ताकद ०.१७ भागिले मागणी ०.१५६, सुरक्षा गुणांक १.०९. मानक म्हणतं, एकच्या खाली गेलं तर द्रवीकरण होणार असं धरा. इथे एकच्या वर आहे. नऊ मीटरवर १.०५ येतो. तीन मीटरवर तर वाळू कोरडीच आहे, तिथे प्रश्नच नाही. सारांशाच्या तळाशी वाक्य पडतं: ‘शक्यता नाही’.

आता हाच बोअर, हेच ठोके, हीच वाळू. फक्त पाणी सप्टेंबरचं धरू, दोन मीटरवर. सहा मीटरवर एकूण दाब ११.६ टन होतो, परिणामी दाब ७.६ वर उतरतो. गुणोत्तर दीडच्या पुढे जातं, मागणी ०.२२७. सुरक्षा गुणांक ०.७५. नऊ मीटरवर ०.८०. आणि तीन मीटरवरची वाळू, जी मे महिन्यात हिशेबातच नव्हती, ती आता पाण्याखाली आहे आणि तिचा गुणांक ०.७१. बारा मीटरवरचा घट्ट थर मात्र जवळपास १.९ वर ठाम उभा. निष्कर्ष उलटला. मातीचा एक कणही इकडचा तिकडे झालेला नाही.

सप्टेंबरच्या पाण्याचा आग्रह कशासाठी, असं विचारणारे भेटतात. भूकंप पावसाळ्यातच येईल असं थोडंच आहे? नाही, पण इमारत पन्नास वर्षं उभी राहणार आहे आणि त्यातला बराच काळ पाणी वर असणार आहे. १३ जुलै २०२३ ला दिल्लीत यमुना २०८.६६ मीटरवर गेली, आजवरच्या नोंदींतली सर्वोच्च पातळी. धोक्याची खूण २०५.३३ मीटरवर आहे. नदी धोक्याच्या खुणेच्या सव्वातीन मीटरहून अधिक वर चढून बसली असताना काठच्या वाळूतलं पाणी मे महिन्याच्या जागी थांबून राहत नाही.

इथे एक सूक्ष्म चूक होते आणि ती कागदावर फार नीटनेटकी दिसते, म्हणून तिच्याकडे लक्ष वेधतो. पाण्याची पातळी हिशेबात दोनदा येते: एकदा ‘एन’ दुरुस्त करताना, एकदा भूकंपाची मागणी काढताना. पहिल्या ठिकाणी चाचणीच्या दिवशीचं पाणी घ्यावं लागतं, कारण ठोके त्या दिवशीच्या दाबाखाली पडले होते. दुसऱ्या ठिकाणी येऊ शकणारं सर्वोच्च पाणी. संगणकावरच्या तक्त्यात पाण्यासाठी एकच रकाना असला की दोन्हीकडे तोच आकडा जातो. आपल्या उदाहरणात दोन्हीकडे दोन मीटर घातलं तर सहा मीटरवरचा ‘एन’ १३.२ ऐवजी १५ च्या पुढे फुगतो आणि गुणांक ०.७५ ऐवजी ०.८६ दिसतो. निष्कर्ष इथे बदलत नाही. पण काठावरच्या एखाद्या थराला ही फुगवटी सहज पास करून जाईल, आणि आपण सावध बाजूने सर्वोच्च पाणी घेतलं या समाधानात कोणी ते तपासणारही नाही.

पाण्याचा आकडा मुळात चुकतो तो साइटवर. छिद्राच्या भिंती ढासळू नयेत म्हणून त्यात बेंटोनाइटचा चिखल भरतात. तो भिंतींवर लेप धरतो आणि बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही. अशा छिद्रात संध्याकाळी दोर सोडून मोजलेली पातळी ही बहुतेकदा चिखलाची पातळी असते. निदान चोवीस तास थांबून मोजणं ही किमान शिस्त, आणि खरी खात्री हवी तर छिद्रांचा पाइप पुरून काही महिने नोंदी ठेवणं. सगळ्या बोअरमध्ये पातळी सारखीच, गोल आकड्यात आणि तारखेविना लिहिलेली दिसली की मला शंका येते. कारण खऱ्या जमिनीत दोन बोअरमध्ये दहा-वीस सेंटिमीटरचा फरक पडतोच.

‘एन’ही पाण्यामुळे बिघडतो, पण उलट दिशेने. सळ्या घाईने वर ओढल्या आणि छिद्रातलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली गेलं तर बाहेरचं पाणी तळातून उसळत आत घुसतं आणि सोबत वाळू घेऊन येतं. तळाची वाळू सैल होते, मग दोन-तीन ठोक्यांतच नळी धसते. अहवालात तो थर कमालीचा कमजोर दिसतो. हे ओळखता येतं: एकाच थरात ‘एन’ १४, ३, १५ असा मधेच कोसळला असेल तर त्या खोलीला छिद्रात वाळू किती भरून आली होती ते ड्रिलरच्या दैनंदिन नोंदीत पाहावं. उलट नळीच्या तोंडाशी एखादा गोटा आला तर आकडा विनाकारण चढतो. तो जास्त धोक्याचा, कारण चांगल्या आकड्यावर कोणी प्रश्न विचारत नाही.

मग ‘शक्यता आहे’ हा निष्कर्ष आला की पुढे काय? इथे लोक दोन टोकांना जातात. एकाला वाटतं जागा बाद झाली, दुसऱ्याला वाटतं पाइल टाकले की काम झालं. ०.७५ हा गुणांक इमारत पडेल असं सांगत नाही. धरलेल्या भूकंपात त्या थराची ताकद जाईल, एवढंच तो सांगतो. त्यातून जमीन किती खचेल, आणि नदीच्या बाजूला उतार असेल तर वरचा थर तिकडे किती सरकेल, हे वेगळे हिशेब आहेत. प्राथमिक तपासणी तिथवर पोचतच नाही.

पाइलच्या भरवशाचं काय होतं ते गुजरातेतल्या कांडला बंदराने दाखवलं. तिथली बंदर आणि कस्टम कार्यालयाची सुमारे २२ मीटर उंचीची इमारत ३२ पाइलवर उभी होती, प्रत्येक पाइल १८ मीटर लांब. वर साधारण दहा मीटर चिकणमाती, खाली वाळू. चिकणमातीचं द्रवीकरण वाळूसारखं होत नाही. पण पाइलची टोकं त्या थरातून उतरून वाळूत थांबली होती. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात ती वाळू द्रवरूप झाली आणि इमारतीचा माथा सुमारे ३० सेंटिमीटर कलला. इमारत पडली नाही, पण सरळही राहिली नाही. म्हणून आपल्या नमुन्याच्या जागेवर सारांशाचं शेवटचं वाक्य ‘शक्यता आहे’ एवढ्यावर थांबू नये. त्याने सांगावं की दोन मीटरपासून बारा मीटरवरच्या घट्ट वाळूपर्यंतचा थर भूकंपात टेकू देणार नाही असं धरा, पाइल त्या घट्ट थरात पुरेसे खोल न्या, वरच्या थराचं घर्षण हिशेबात घेऊ नका. किंवा खडीचे खांब कंपनाने ठोकून वाळू आधी घट्ट करा आणि मग पुन्हा बोअर घेऊन ‘एन’ खरंच वाढला का ते मोजा. हे दुसरं मोजमाप पैसे वाचवण्यासाठी गाळलं जातं आणि मग सुधारणा झाली की नाही हे कोणालाच माहीत नसतं.

महाराष्ट्रात हा प्रश्न सगळीकडे सारखा नाही. दख्खनचा काळा पाषाण वर आला आहे तिथे किंवा त्यावरच्या काळ्या चिकण मातीत द्रवीकरणाची भीती बाळगायचं कारण नाही. १९९३ ला किल्लारीत माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली. पण मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई झोन ३ मध्ये आहे, आणि समुद्रात भराव घालून काढलेली जमीन, कोकणातली खाड्यांची मुखं आणि वाळूचे दांडे या ठिकाणी तपासणी टाळता येत नाही. तिथे पाणी मोजायला उन्हाळाही मदत करत नाही, भरतीचं पाणी बारा महिने जवळच असतं.

तुमच्या इमारतीचा असा अहवाल हाती आला तर शेवटचं वाक्य वाचण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या: पाणी कुठल्या तारखेला आणि छिद्र किती तास उघडं ठेवून मोजलं, गणितात नेमकी कुठली पातळी घातली, आणि ती कशावरून ठरवली. केंद्रीय भूजल मंडळ आणि आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजतात, पावसाळ्याआधी आणि नंतरही. जवळच्या विहिरीची नोंद मिळवणं अवघड नाही. ती अहवालाला जोडलेली नसेल तर अहवाल परत पाठवा.